गोष्टीचे सांधे आणि लोकलचे थांबे

डोंबिवलीहून सकाळची सीएसएमटी फास्ट मिळाली, की दादर साधारण पन्नास मिनिटांवर. ही पन्नास मिनिटं मोबाइलवर एखादी मालिका बघण्यात घालवायची म्हटलं, तर हिशेब सोपा वाटतो. पन्नास मिनिटांचा एक भाग घ्यावा, नाहीतर पंचवीस-पंचवीसचे दोन. पण हा हिशेब गाडीत टिकत नाही, कारण ही पन्नास मिनिटं सलग मिळतच नाहीत.

नीट पाहिलं तर त्यांचे तुकडे पडलेले दिसतात. डोंबिवलीला आत शिरल्यावर पहिली तीन-चार मिनिटं बॅग पोटाशी घ्यायची, पाय रोवायला जागा शोधायची आणि एक हात वरच्या कडीपर्यंत पोहोचवायचा, यात जातात. मग ठाण्यापर्यंत पंधरा-सोळा मिनिटं कोणी फारसं हलत नाही. ठाण्याला डबा पुन्हा ढवळला जातो. उतरणारे आतून बाहेर येतात, चढणारे बाहेरून आत रेटतात, आणि या मिनिट-दोन मिनिटांत फोन खिशात गेलेला बरा. ठाणे ते घाटकोपर पुन्हा बारा-चौदा मिनिटांचा निवांतपणा. घाटकोपरला मेट्रोकडे जाणारा लोंढा उतरतो आणि दादरवाल्यांना कुर्ल्यापासूनच दाराकडे सरकावं लागतं. म्हणजे पन्नास मिनिटांच्या प्रवासात बघण्यासारखे तुकडे दोनच निघाले: एक पंधराचा आणि एक बाराचा. उरलेली मिनिटं गर्दीच्या मालकीची.

आता गंमत बघा. मनोरंजनाच्या जगात काही ठरावीक लांब्या पुन्हा पुन्हा भेटतात. कार्टून सात मिनिटांचं, मुलांच्या मालिकेतली एक गोष्ट अकरा मिनिटांची, दूरचित्रवाणीवरचा विनोदी भाग बावीस मिनिटांचा. हे आकडे कोणी रेल्वेचं वेळापत्रक पुढे ठेवून ठरवलेले नाहीत. तरीही ते आपल्या तुकड्यांशी चांगले जुळतात. ते आले कुठून, हे कळलं की गाडीत काय बघावं हे निवडणं एकदम सोपं होतं.

अकरा आणि बावीस कुठून आले

सुरुवात होते सिनेमाच्या रिळापासून. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचं एक प्रमाणित रीळ १००० फुटांचं असे. एका फुटात १६ चौकटी मावतात. बोलपटात सेकंदाला २४ चौकटी पडद्यावरून सरकतात, म्हणजे सेकंदाला दीड फूट फिल्म लागते. भागाकार केला की एक रीळ सुमारे अकरा मिनिटं चालतं. मूकपटाच्या काळी वेग कमी असे. सेकंदाला १६ चौकटी धरल्या, तर तेच रीळ जवळजवळ सतरा मिनिटं पुरतं. तेव्हाचे लघुपट या रिळांतच मोजले जात, कुठला एका रिळाचा तर कुठला दोन रिळांचा. गोष्ट किती लांब असावी हा प्रश्न लेखकाच्या आधी फिल्मच्या डब्यानं सोडवलेला असायचा.

बावीसचा जन्म वेगळा. दूरचित्रवाणीवर अर्ध्या तासाचा कप्पा मिळतो आणि त्यात जाहिराती बसवाव्या लागतात. आपल्याकडे केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासाला ६. उरलेल्या चोवीस मिनिटांतून शीर्षकगीत आणि 'मागील भागात' वजा केलं की गोष्टीला बावीसच्या आसपास वेळ राहतो. मुलांच्या वाहिन्यांनी याच कप्प्यात दोन गोष्टी बसवल्या आणि अकरा मिनिटांची गोष्ट तयार झाली. एकीकडे रीळ आणि दुसरीकडे जाहिरात, दोन्ही वाटा एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या. तरी दोघी येऊन थांबल्या त्याच अकराच्या आकड्यावर.

पण लांबीपेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जाहिरात येणार म्हटलं की प्रेक्षक उठून जाण्याची भीती असते. म्हणून टीव्हीसाठी लिहिणारा लेखक बावीस मिनिटं एका दमात लिहीत नाही. तो सहा-सात मिनिटांचे तीन-चार खंड लिहितो. प्रत्येक खंडात एक छोटी गोष्ट पुरी होते आणि शेवटी पुढच्या खंडासाठी एक लहानसा प्रश्न उरतो. घरात बसून, जाहिराती गाळून पाहताना हे सांधे आपल्या लक्षातही येत नाहीत. लोकलमध्ये मात्र तेच उपयोगी पडतात, कारण ठाण्याला फोन खिशात घालावा लागला तरी गोष्ट जवळच्या सांध्यावर सोडता येते.

गाडीसाठी मालिका निवडताना म्हणूनच भागाची लांबी हा दुसरा प्रश्न ठरतो. पहिला प्रश्न असा, की या गोष्टीला सांधे आहेत का, आणि ते किती मिनिटांवर आहेत?

डबा हलला तरी गोष्ट तुटत नाही

सांध्यांचं हे महत्त्व आपल्या मेंदूच्या कामाच्या पद्धतीतून आलं आहे. घडणारं आयुष्य आपण सलग पट्टीसारखं साठवत नाही, त्याचे प्रसंग पाडतो. माणूस खोलीत आला, बोलणं झालं, निघून गेला, हा एक प्रसंग. जेफ्री झॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं प्रयोग केले आहेत. लोकांना चित्रफीत दाखवायची आणि एक प्रसंग संपून दुसरा सुरू झाला असं वाटेल तिथे बटण दाबायला सांगायचं. वेगवेगळी माणसं बऱ्याच अंशी सारख्याच जागी बटण दाबतात. प्रसंग संपला की मेंदू त्याची गुंडाळी करून पुढच्यासाठी जागा मोकळी करतो.

म्हणून प्रसंगाच्या मधोमध फोन बंद केला, की परत उघडल्यावर 'हा कोण, हे कशाबद्दल बोलतायत?' असं होतं. प्रसंग संपताना बंद केला तर तो ताण येत नाही. अचानक थांबावं लागलंच, तर पुन्हा सुरू करताना तीस सेकंद मागे जावं. बहुतेक अ‍ॅपमध्ये स्क्रीनच्या डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की दहा सेकंद मागे जाता येतं, म्हणजे तीनदा तसं केलं की काम झालं.

आता मराठीतली दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहू. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठीवर सुरू झालं. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर आधारलेली ही मालिका केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केली. ती आठवड्यातून एकदा यायची, त्यामुळे प्रेक्षक मागचं विसरणार हे गृहीतच होतं. टिपरे कुटुंबातली माणसं तीच, घर तेच, पण त्या आठवड्याचा पेच त्या आठवड्यातच सुटतो. आज मधला कुठलाही भाग उघडा, आबांची ओळख दोन मिनिटांत होते. शिवाय जाहिरातीसाठी पाडलेले सांधे आतमध्ये आहेतच. पंधरा मिनिटांच्या तुकड्यात तिचे दोन खंड आरामात होतात आणि उरलेले ठाण्यानंतर बघता येतात.

दुसरं उदाहरण 'आणि काय हवं'. ही वेब मालिका २०१९ साली एमएक्स प्लेअरवर आली. वरुण नार्वेकर यांचं दिग्दर्शन, प्रिया बापट आणि उमेश कामत जुई-साकेतच्या भूमिकांत, आणि पहिल्या पर्वात सहाच भाग. यात जाहिरातीचे सांधे नाहीत. पण प्रत्येक भाग जोडप्याच्या संसारातला एकच साधा प्रसंग घेतो आणि तो तिथेच पुरा करतो. इथे सांधा भागाच्या शेवटी आहे, आणि आतल्या आतही संभाषण एका विषयावरून दुसऱ्यावर जाताना थांबायला जागा मिळते. कालचा भाग पाहिला नसला तरी आजचा कळतो. लोकलमध्ये हा गुण फार मोलाचा, कारण धड उभंही राहता येत नाही असे दिवस येतातच आणि मग एखादा भाग राहून जातो.

याउलट दहा भागांची सलग रहस्यमालिका घ्या. तिचा एकेक भाग पंचवीस मिनिटांचा असला तरी तिसऱ्या भागात टेबलावर ठेवलेल्या किल्लीला सातव्या भागात अर्थ येतो. ती किल्ली दिसली त्याच क्षणी शेजाऱ्याचा कोपर लागला, तर पुढचे चार भाग कोड्यात जातात. अशी मालिका लोकलसाठी कितीही आटोपशीर दिसली तरी ती घरच्या पडद्यावर बघावी.

केवळ लांबी कमी केल्यानं काम भागत नाही, याची एक मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. हॉलिवूडचे जेफ्री कॅट्झनबर्ग यांनी मेग व्हिटमन यांना सोबत घेऊन ६ एप्रिल २०२० रोजी 'क्विबी' नावाची सेवा सुरू केली. सगळं काही फोनसाठी आणि प्रत्येक भाग दहा मिनिटांच्या आत. त्यासाठी १.७५ अब्ज डॉलर उभे केले होते. ज्या फावल्या वेळावर भिस्त होती तो प्रवासाचा वेळ त्याच सुमारास टाळेबंदीमुळे जगभर बंद पडला होता. पण अडचण तेवढीच नव्हती. तिथल्या कितीतरी मालिका म्हणजे पूर्ण लांबीचे चित्रपट होते, फक्त दहा-दहा मिनिटांवर कापलेले. कापल्यानं भाग लहान होतो, त्याला सांधा मिळत नाही. १ डिसेंबर २०२० रोजी सेवा बंद झाली.

सध्या फोनवर गाजत असलेली एक-दीड मिनिटांच्या भागांची उभ्या पडद्याची नाट्यं नेमकी उलट वाटेनं जातात. तिथे सांधे भरपूर आहेत, पण प्रत्येक सांधा मुद्दाम उघडा ठेवलेला असतो. थप्पड उगारली की भाग संपतो, ती बसली का हे पाहायला पुढचा उघडावा लागतो. सुरुवातीचे भाग फुकट आणि उत्कंठा वाढली की पुढच्यांना पैसे, अशी रचना बऱ्याच अ‍ॅपमध्ये दिसते. चार मिनिटांच्या तुकड्यात ती मजेनं बघता येतात. पण थांबता येईल अशी जागाच ठेवलेली नसल्यानं उतरायचं स्टेशन निसटण्याचा धोका यांच्यात सर्वांत जास्त.

एका हातात मावणारं चित्र

उभ्या प्रवाशाचा एक हात कडीला असतो. फोन राहिला दुसऱ्या हातात, म्हणजे उभाच. आता मोजून पाहू. साडेसहा इंची फोनची रुंदी साधारण ६८ मिलिमीटर असते. बहुतेक मालिकांचं चित्र आडवं, १६ ला ९ या प्रमाणातलं. फोन उभा धरला तर त्या चित्राला ६८ रुंदी आणि जेमतेम ३८ मिलिमीटर उंची मिळते. तोच फोन आडवा केला तर उंची ६८ आणि रुंदी १२१ होते. क्षेत्रफळ काढलं तर तीनपटीहून जास्त फरक! एका हाताच्या नाइलाजानं दोन तृतीयांश चित्र गेलं.

एवढ्याशा चौकटीत काय टिकतं? जवळून घेतलेले चेहरे टिकतात. दोन-तीन पात्रं, उजेडातली खोली, ठळक हालचाल हेही टिकतं. अंधारातला पाठलाग, दूरवरची लढाई, पात्रांनी एकमेकांना पाठवलेले मेसेज पडद्यावर वाचायला लावणारे प्रसंग हे सगळं हरवतं. टीव्हीच्या जुन्या मालिका इथे पुन्हा जिंकतात. त्यांच्या वेळी घरातले टीव्ही लहान आणि चित्र धूसर असे. म्हणून दिग्दर्शक चेहऱ्याजवळ जाऊन गोष्ट सांगत. जुन्या लहान पडद्यासाठी शोधलेली ती रीत वीस-पंचवीस वर्षांनी खिशातल्या पडद्याला नेमकी लागू पडते आहे. त्या मालिकांचं चित्र ४ ला ३ प्रमाणातलं असतं, म्हणजे उंचीला जास्त. उभ्या फोनवर त्याला ३८ ऐवजी ५१ मिलिमीटर उंची मिळते आणि चेहरा एक तृतीयांशानं मोठा दिसतो.

बसायला मिळत असेल तर गणित बदलतं. ठाण्याहून सुटणारी स्लो पकडणारे, किंवा गाडी यार्डातून लागताच खिडकी मिळवणारे कल्याणकर, यांचे दोन्ही हात मोकळे आणि तुकडा अर्ध्या-पाऊण तासाचा. त्यांनी खुशाल मोठे भाग निवडावेत. चौथ्या सीटवर टेकलेल्यांची स्थिती मात्र उभ्यांसारखीच, कारण एक पाय सतत बाहेर रोवलेला आणि तोल सांभाळायचा असतो.

आवाज गेला तर उरतं काय

गाडीतल्या गोंगाटाला एक वाईट खोड आहे. चाकांची आणि मोटारींची घरघर खालच्या पट्टीतली असते, आणि मोठा खालचा आवाज आपल्या कानात वरच्या पट्टीतल्या हलक्या आवाजांना झाकून टाकतो. बोलण्यातले स्वर जोरकस असतात, ते ऐकू येतात. पण स, त, फ यांसारखी व्यंजनं हलकी आणि वरच्या पट्टीतली असतात, ती आधी बुडतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. शब्दांवर उभा असलेला विनोद असा हातातून जातो. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधलं एखादं प्रहसन लांबीनं दुसऱ्या तुकड्यात छान बसतं, पण त्याची जान शेवटच्या शब्दात असते. तो शब्द भांडुपच्या आसपास घरघरीत विरला तर सगळी मेहनत वाया. ते बसून, नीट इअरफोन लावून ऐकायला ठेवावं.

आवाज वाढवणं हा उपाय महागात पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनं सुरक्षित ऐकण्यासाठी जी मर्यादा सांगितली आहे, ती आठवड्याला ८० डेसिबल ४० तास अशी आहे. दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला उरतात आठवड्याला फक्त ४ तास. रोज येऊन-जाऊन दोन तास प्रवास करणारा गाडीच्या आवाजावर मात करायला फोनचा आवाज एवढा मोठा ठेवत राहिला, तर बुधवारच्या आधीच त्याचा आठवड्याचा वाटा संपतो. त्यापेक्षा सबटायटल चालू करावेत, किंवा मुळात आवाजावर न विसंबणारी गोष्ट निवडावी.

अशा गोष्टींचा एक खजिना शंभर वर्षांहून जुना आहे. चार्ली चॅप्लिननं १९१६ आणि १९१७ या दोन वर्षांत म्युच्युअल कंपनीसाठी बारा लघुपट केले, सगळे साधारण दोन रिळांचे. त्यातला १९१७चा 'द इमिग्रंट' आपल्या डोंबिवली फास्टमध्ये ठेवून बघू.

पहिल्या रिळात अमेरिकेला निघालेल्या गरीब स्थलांतरितांचं जहाज आहे, समुद्रात प्रचंड हलणारं. चॅप्लिन कठड्यावरून खाली वाकलेला दिसतो, पाठ आपल्याकडे, पाय झटकतोय. आपण समजतो की बिचाऱ्याला बोट लागली. तो वळतो, आणि हातात गळाला लागलेला मासा! एकही शब्द न बोलता पहिल्या मिनिटात प्रेक्षक फसला आणि हसला. पुढे जेवणाच्या टेबलावर सुपाची ताटली जहाजाच्या हेलकाव्याबरोबर या टोकाहून त्या टोकाला घसरते आणि समोरासमोर बसलेले दोघं आळीपाळीनं चमचा मारून घेतात. दिव्याच्या आसपास रूळ बदलताना डबा हलतो, तेव्हा हा प्रसंग अंगात भिनतो.

दुसऱ्या रिळात जहाज नाही, समुद्र नाही. गोष्ट एका उपाहारगृहात येते. रस्त्यात सापडलेलं नाणं चार्लीच्या खिशाच्या भोकातून गळून पडलंय आणि त्याला ते माहीत नाही. शेजारी एका गिऱ्हाइकाला दहा सेंट कमी पडले म्हणून धिप्पाड वेटर बदडून काढतो. आता चार्ली खिसा चाचपतो. पुढचा सगळा भाग या एका भीतीवर चालतो.

रचना बघा. पहिलं रीळ संपतं तिथे गोष्टीचा एक टप्पा पुरा होतो, दुसरं रीळ नव्या जागी नव्या पेचासह सुरू होतं. दोन रिळांतला सांधा डोंबिवली-ठाणे आणि ठाणे-घाटकोपर यांच्यामधल्या धक्काबुक्कीवर बेतल्यासारखा येऊन बसतो. आवाज लागत नाही, भाषा लागत नाही, चित्र ४ ला ३ च्या जवळचं असल्यानं उभ्या फोनवर मोठं दिसतं. ज्या माणसानं लोकल पाहिली नाही त्यानं एकशेचाळीस कोटींच्या देशातल्या गर्दीसाठी जणू नमुनाच करून ठेवला. याच कुळातलं आजचं उदाहरण हवं असेल तर 'शॉन द शीप' आहे. आर्डमन स्टुडिओची ही मालिका २००७ पासून चालू आहे, भाग सात-सात मिनिटांचे, आणि मेंढ्यांपासून शेतकऱ्यापर्यंत कोणीही कळेल असा एक शब्द बोलत नाही. मुलांची म्हणून दूर ठेवू नये. दुसऱ्या तुकड्यात हिचा एक भाग पुरा होऊन वर पाच मिनिटं उरतात.

पाच हजार फोन एकदम पुढे सरकतात

एवढी निवड करूनही मधेच चक्र फिरत राहिलं तर सगळं फुकट. ते का फिरतं हेही जाणून घेण्यासारखं आहे. रस्त्यावरची माणसं मोबाइलच्या एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत सुटी सुटी जातात. गर्दीच्या वेळची बारा डब्यांची लोकल मात्र चार-पाच हजार माणसं एकत्र घेऊन जाते. ती नव्या हद्दीत शिरली की त्या टॉवरवर हजारो फोन काही सेकंदांत एकदम येऊन आदळतात. त्यात समोरून दुसरी गाडी आली तर संख्या दुप्पट होते. व्हिडिओ हा काही सेकंदांच्या छोट्या तुकड्यांनी येत असतो आणि फोन पुढचे थोडे तुकडे साठवून ठेवतो. तो साठा संपेपर्यंत नवा तुकडा आला नाही, की चित्र थांबतं. फोन पूर्ण रेंज दाखवत असताना असं का होतं, याचं उत्तर हेच: रेंज आहे, वाटा मिळत नाही.

उपाय जुनाच, आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर भाग उतरवून ठेवणं. मध्यम दर्जाला तासाला साधारण ०.७ जीबी लागतात, म्हणजे बावीस मिनिटांच्या भागाला पाव जीबी. सहा इंची पडद्यावर त्याहून वरचा दर्जा फारसा जाणवत नाही, म्हणून उगाच जागा अडवू नये. दोन गोष्टी मात्र पाहून ठेवाव्यात. काही सेवांवर उतरवलेले काही भाग एकदा बघायला सुरुवात केली की ४८ तासांत संपवावे लागतात, त्यामुळे सोमवारी अर्धा पाहिलेला भाग गुरुवारी उघडेलच असं नाही. आणि उतरवलेला भाग खरोखर फोनमध्ये आहे का, हे घरीच एरोप्लेन मोड लावून उघडून पाहावं. तेव्हा तो चालला तर मुंब्र्याच्या डोंगराजवळही चालेल.

बसचं वेगळं गणित

कल्याण-शीळ रस्ता किंवा घोडबंदर रोडवरच्या बसला थांब्यांचे तुकडे नसतात, कोंडीचे असतात आणि ते आधी सांगता येत नाहीत. त्यात डोळ्यांसमोर पडदा स्थिर असतो, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला प्रत्येक खड्डा व वळण जाणवतं. मेंदूला दोन परस्परविरोधी निरोप मिळतात आणि मळमळ सुरू होते. रुळांवरच्या गाडीत हा त्रास बराच कमी असतो. म्हणून बसमध्ये बघण्यापेक्षा ऐकण्याची मालिका बरी: कथाकथन, मुलाखती, श्राव्य नाट्य. बस थांबलेली असताना पडद्याकडे पाहावं, धावू लागली की मान वर.

घरीच तीन मिनिटांची परीक्षा

नवी मालिका गाडीत नेण्याआधी तिची परीक्षा घरीच घेता येते. फोन एका हातात उभा धरा, आवाज पूर्ण बंद करा, मधलाच कुठला तरी भाग लावा आणि तीन मिनिटं बघा. कोण कोणाचं कोण आणि अडचण काय, हे कळलं तर मालिका उभ्या प्रवासाला चालेल. सबटायटल लावल्यावर कळलं तर ती बसायला मिळेल त्या दिवसासाठी ठेवा. तरीही कळलं नाही तर रविवारी घरी बघा. तीन मिनिटांच्या शेवटी एखादा प्रसंग पुरा झालाय असं वाटलं, तर तिला सांधेही आहेत.

दोन अटी मात्र कुठल्याही मालिकेला लागू आहेत. एका कानातलं इअरफोन काढलेलं असावं, म्हणजे स्टेशनची घोषणा आणि शेजाऱ्याचा 'उतरायचंय का?' हा प्रश्न ऐकू येतो. आणि दारात उभं राहून फोन बघू नये. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्र्यामधल्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांतून माणसं पडून जीव गेले. रुळांशेजारी काठी घेऊन थांबणारे फटका गँगवालेही दारातल्या हातावरच नेम धरतात. दारात जागा मिळालेल्या दिवशी दोन्ही हात आणि दोन्ही डोळे गाडीसाठीच ठेवावेत. सांध्यावर सोडलेली गोष्ट संध्याकाळच्या परतीच्या गाडीत तिथूनच पुढे सुरू करता येते.